शनिवार-रविवारचा वनराई बंधारा: श्रमदान कुणाचं आणि मजुरी कुणाची

कोकणातल्या पऱ्याचं, म्हणजे छोट्या ओढ्याचं, पाणी वाट बघत थांबत नाही. पाऊस गेला की जांभ्याच्या सड्यावरून झिरपणारं पाणी आठवड्याआठवड्याने आटत जातं. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, तर तो धार बारीक झाल्यावर पण पूर्ण तुटण्याआधी घालावा लागतो. धार मोठी असेल तर गोणी बसत नाही आणि तुटली असेल तर अडवायला पाणीच उरत नाही. मधले ते दोन-तीन आठवडे नेमके भातकापणीचे असतात, त्यामुळे गावातला प्रत्येक हात तेव्हा गुंतलेला असतो. दिवाळीनंतरचा एखादा शनिवार-रविवार तेवढा सापडतो आणि मग धावपळीत निरोप जातो, 'बंधारा घालायचाय, सगळ्यांनी या, जेवण आहे, काहीतरी देऊ.'

पुढच्या सगळ्या कटकटी त्या 'काहीतरी देऊ'मधून सुरू होतात. पहिल्या वर्षी मी स्वतः हेच शब्द वापरले. वरच्या वाडीतली दोन जोडपी दोन्ही दिवस आली, सकाळी साडेसातपासून गोण्या उचलत राहिली आणि रविवारी संध्याकाळी मी प्रत्येकाच्या हातात दोनशे रुपये ठेवले. मला वाटलं, श्रमदानाच्या कामात आपण वर पैसेही दिले. ती माणसं मात्र कापणीची दोन दिवसांची मजुरी सोडून आली होती. मजुरी मिळणार असं समजूनच ती आली होती आणि तसं समजण्यात त्यांची काही चूक नव्हती. पुढच्या वर्षी त्यातलं कुणी आलं नाही. कारण मला मुकादमाकडून कळलं, त्यांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी निरोप पाठवण्याआधी आम्ही काय करतो, ते पहिल्यांदाच असं काम अंगावर घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

आधी काम मोजा

किती माणसं हवीत हे माहीत नसताना 'सगळ्यांनी या' म्हटलं, की एक तर साठ माणसं येऊन चाळीस उभी राहतात, नाही तर बारा येऊन त्यांची कंबर मोडते. म्हणून सुरुवात गोण्यांच्या हिशोबाने करा.

आमच्या पऱ्याचंच उदाहरण घ्या. तळाला १८ फूट रुंद आणि चार फूट उंचीवर २४ फूट, म्हणजे सरासरी लांबी २१ फूट. बंधारा चार फूट उंच, पायाला ६ फूट रुंद आणि माथ्याला २ फूट, म्हणजे सरासरी रुंदी ४ फूट. २१ गुणिले ४ गुणिले ४ केले की ३३६ घनफूट होतात. सिमेंटची गोणी तोंड शिवायला जागा ठेवून भरली तर तिच्यात साधारण एक घनफूट माती बसते. फाटणाऱ्या गोण्या धरून आम्ही ३७५ धरतो. भरलेली गोणी चाळीस किलोच्या आसपास जाते, म्हणून ती दोघांनी उचलायची. एकट्याने उचलणारे तरुण पहिल्या तासात खूप काम करतात आणि दुपारनंतर झाडाखाली बसलेले दिसतात.

एक खोरं मारणारा, एक गोणीचं तोंड धरणारा आणि एक भरलेली बाजूला ओढणारा, असं तिघांचं टोळकं सवय नसेल तर तासाला बारा गोण्या भरतं. अशी चार टोळकी लावली की आठ तासांत भराई उरकते. दाभण-सुतळीने तोंड शिवायला तीन माणसं लागतात. वाहायला आणि रचणाऱ्यांच्या हाताखाली दहा. झाली पंचवीस. पंचवीस यायला हवीत तर चाळिसांचा होकार घ्या आणि गुरुवारी रात्री प्रत्येकाला पुन्हा फोन करा. होकार देणाऱ्यांतले बरेचजण आयत्या वेळी गळतात हे धरूनच चालायचं.

रचायचं काम मात्र कुणालाही देऊ नका. विटांसारखे सांधे चुकवत गोण्या बसवणं, तळातला गाळ काढून पक्क्या थरावर पहिली ओळ टेकवणं, मध्यभागी सांडव्यासाठी माथा थोडा खाली ठेवणं आणि वरच्या अंगाला कापड घालून चिकणमाती दाबणं, हे जाणत्या माणसाचं काम आहे. गावात असे दोघे असतातच. त्यांचा विचार पुढे येईल.

मग प्रत्येक कामापुढे एक शब्द लिहा

वहीत कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तीनच शब्दांपैकी एक लिहा: श्रमदान, मजुरी किंवा खर्च. चौथा शब्द ठेवायचा नाही. 'मानधन', 'चहापाणी', 'खुशी' हे शब्द देणाऱ्याला आवडतात, कारण त्यात आकडा सांगावा लागत नाही. घेणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

अर्धवट मजुरीत फक्त गैरसमजाचा धोका नाही. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ ने मनाई केलेले सक्तीचे श्रम. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या बाबतीत न्यायालयाने तेच धरलं, मदतीचं काम आहे म्हणून किमान वेतनाहून कमी देता येणार नाही. आपल्या वाडीचं काम त्या प्रमाणाचं नाही, पण त्यातला विचार आपल्यालाही लागू पडतो. पैसे द्यायचे तर पूर्ण दिवसाचे आणि चालू दराने द्या. नाहीतर देऊच नका आणि देणार नाही हे आधी सांगा.

कुठल्या कामापुढे काय लिहायचं? मी दोन प्रश्न विचारतो. या माणसाचा हा दिवस एरवी मजुरीचा असता का? आणि बंधाऱ्याचं पाणी याच्यापर्यंत पोहोचणार का?

बंधाऱ्याच्या आसपास ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना फायदा सगळ्यात जास्त. त्यांच्याकडून श्रमदान मागायला संकोच नको आणि डिझेलचे पैसेही त्यांच्याकडेच आधी मागावेत. मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या मंडळाच्या पोरांचा शनिवार-रविवार सुट्टीचा असतो. गावच्या ओढीने ती येतात, त्यांचं काम श्रमदानच. पण ज्याला जमीन नाही आणि जो रोज दुसऱ्याच्या शेतात जातो, त्याच्याकडून दोन दिवस फुकट मागणं म्हणजे विहीरवाल्याच्या पाण्याचा खर्च भूमिहीन माणसाच्या पोटातून काढणं. असा माणूस आपणहून 'मी येतो, मला नको काही' म्हणाला तर आनंदाने घ्या. मागायला जाल तेव्हा मात्र मजुरी सांगूनच मागा.

एक जुना धागा इथे अडकतो. आपल्याकडे फुकट आणि मजुरी यांच्या मधली एक रीत आहे: पैरा. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या लावणीला. वयस्कर माणसं बंधाऱ्याच्या निरोपाला पैऱ्याच्या हिशोबाने होकार देतात आणि नंतर त्यांच्या झोडणीला कुणी गेलं नाही की दुखावतात. हा पैरा नाही, हे मोठ्यांना घरी जाऊन सांगायचं. निरोपातल्या एका ओळीने ते पोहोचत नाही.

चुकण्याच्या जागा

ट्रॅक्टर. मालक मोठ्या मनाने म्हणतो, 'ट्रॅक्टर माझ्याकडून फुकट.' ट्रॅक्टर त्याचा आहे, तो देऊ शकतो. पण चालवणारा पगारी गडी असेल तर त्याचा रविवार मालकाने दान करायचा नसतो. मालकाला तिथेच विचारा, 'ड्रायव्हरचा रोज तुम्ही देणार की आम्ही?' थोडं अवघड वाटतं, पण मालक बहुतेक वेळा म्हणतो, 'अरे हो, तो मीच देतो.' डिझेल वेगळं. ते 'खर्च' या शब्दाखाली, पंपाच्या पावतीवर.

स्वयंपाक. पंचवीस-तीस माणसांचं दोन दिवसांचं जेवण बायकांनी चुलीपाशी उभं राहून करायचं, ते कुणाच्या यादीत नाही आणि फोटोतही नाही, असं सर्रास चालतं. आम्ही ते दोन बायकांना मजुरीवर देतो आणि यादीत लिहितो. पाळीने करायचं ठरलं तर पाळीत पुरुषही हवेत, तरच त्याला श्रमदान म्हणा.

प्रवास. तालुक्याच्या कॉलेजातली मुलं एसटीने येतात, त्यांना तिकीट दाखवून तेवढेच पैसे द्या. 'प्रवासाचे सरसकट तीनशे' असं ठेवलंत की चालत आलेला मुलगाही तीनशे घेतो. ती मजुरीच झाली, फक्त नाव बदललं. शेजारी गोणी उचलणाऱ्या दुसऱ्याला तीही नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे एकाच कामावर एक फुकट आणि एक पैसे घेणारा. तसं होऊ देऊ नका. गोणी भरणं श्रमदान ठरलं असेल तर भराईवर कुणालाही मजुरी नाही. मजुरीची माणसं वेगळ्या कामावर लावा: काठ कापून गोण्या खाली उतरवायला वाट करणं, तळातला गाळ काढणं, रचणं. म्हणूनच ते दोन जाणते आम्ही मजुरीवर घेतो. सगळं काम त्यांच्या हातावर उभं असतं आणि सकाळपासून पाणी अडेपर्यंत ते जागचे हलू शकत नाहीत.

आणखी एक. तोच बंधारा रोजगार हमीत धरलेला असेल, तर तिथे श्रमदानाचा निरोप पाठवूच नका. त्या कामाची मजुरी हजेरीपटावर नाव असलेल्या मजुराच्या खात्यात जाते, तिथे ठेकेदार चालत नाही आणि माणसाचं काम हिरावणारं यंत्रही चालत नाही. फुकट आलेल्यांच्या सह्या हजेरीपटावर घेणं म्हणजे उघड फसवणूक. ग्रामसेवकाला आधी विचारा, काम कुठल्या योजनेत दाखवलंय का.

पैसे किती लागतील ते निरोपाआधी ठरवा

मागच्या वर्षी आमचा खर्च असा झाला. दर आमच्याकडचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. काठ कापायला आणि माती सैल करायला जेसीबी तीन तास, तासाला १२०० प्रमाणे ३६०० रुपये. ट्रॅक्टर-ट्रॉली एक दिवस, डिझेल आणि ड्रायव्हरसकट २५००. भंगारवाल्याकडून ४०० रिकाम्या गोण्या, चार रुपयांना एक, १६००. सुतळी, दाभणं, कापड, हातमोजे आणि औषधाची पेटी १८००. दोन जाणते, एक दिवस, सातशेप्रमाणे १४००. स्वयंपाकाच्या दोघी, दोन दिवस, पाचशेप्रमाणे २०००. किराणा ४५००. एकूण १७,४०० रुपये.

यातली मजुरी आणि भाडं आधी हातात असल्याशिवाय तारीख लावायची नाही. किराणा उधारीवर मिळतो. माणसाचा रोज उधारीवर ठेवायचा नसतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पैसे जमले नाहीत तर काम कमी करा. बंधारा तीन फूट उंच आणि पायाला पाच फूट घेतला तर ३३६ घनफुटांऐवजी २१० च्या आसपास लागतात, म्हणजे भराईची तीन तासांची मेहनत वाचते. पाणी कमी साठेल, पण कुणाचा रोज बुडणार नाही.

निरोप

निरोप लांब झाला तरी चालेल. आमचा असा जातो:

'येत्या शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसात ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते सहा, खालच्या पऱ्यावर वनराई बंधारा घालायचा आहे. धार बारीक झाली आहे, पुढच्या आठवड्यात उशीर होईल. गोणी भरणं, शिवणं आणि वाहणं हे श्रमदान आहे, त्याचे पैसे कुणालाही मिळणार नाहीत. त्यासाठी पंचवीस जण हवेत. अर्धा दिवस आलात तरी चालेल, पण कधी येणार ते कळवा. रचण्याचं काम, स्वयंपाक, ट्रॅक्टर आणि जेसीबी हे मजुरीवर आहे, ती माणसं ठरली आहेत. एसटीने येणाऱ्यांना तिकिटाचे पैसे मिळतील. दोन्ही वेळचं जेवण आणि चहा सगळ्यांना आहे. कामावर लागलं-खुपलं तर दवाखान्याचा खर्च मंडळ करेल. सोळा वर्षांखालच्या मुलांनी गोणी उचलायची नाही. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी कारण सांगायची गरज नाही.'

शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं आहे. छोट्या वाडीत 'सगळे आले, तू आला नाहीस' हे वर्षभर ऐकवलं जातं. न येणाऱ्याला बोल लावला की श्रमदान संपलं आणि वेठ सुरू झाली. त्याच कारणाने न आलेल्यांकडून दंड घेणं किंवा त्यांची नावं फळ्यावर लावणं आम्ही बंद केलं. आधी ती रीत होती.

'ती माणसं ठरली आहेत' हेही हवंच. नाहीतर मजुरीचं काम ऐकून चार जण त्याच आशेने सकाळी येतात आणि जागा नाही म्हटल्यावर परत जाताना त्यांचा अर्धा दिवस वाया गेलेला असतो.

हा निरोप कापणीला जाणाऱ्या बायांपर्यंत मोबाइलवरून पोहोचत नाही. तिथे संध्याकाळी जाऊन तोंडाने सांगा. तोंडी सांगतानाही तीच वाक्यं ठेवा. समोरचा 'काय देणार?' असं विचारतो तेव्हा जीभ 'बघू' म्हणायला जाते. 'भराईला काही नाही, फक्त जेवण' हे स्पष्ट म्हणा आणि त्यानंतर आलेला नकार तसाच घ्या.

त्या दोन दिवसांत

हजेरीची वही आणि पैशांची वही वेगळी. श्रमदानाच्या हजेरीत नाव आणि वेळ, बस. पैशांच्या वहीत काम, ठरलेला दर, दिलेली रक्कम आणि सही किंवा अंगठा. एकाच पानावर दोन्ही ठेवलंत की वर्षभराने कुणी ते पान बघून म्हणतं, माझं नाव आहे, माझे पैसे कुठे गेले?

मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी, चहाच्या आधी हातात. रविवारी बंधारा भरायला लागला की सगळे काठावर जमतात, नारळ फुटतो, फोटो निघतात आणि मजुरीवाला बाजूला ताटकळत राहतो. मागायला त्याला लाज वाटते. ती वेळच येऊ देऊ नका.

रविवारी दुपारी माणसं कमी पडली तर? दर वर्षी पडतात. मुंबईची गाडी पकडायला पोरं दोन वाजता निघून जातात. अशा वेळी नाक्यावरून चार मजूर आणून भराईवर उभे करण्याचा मोह होतो. एकदा आम्ही ते केलं. अर्ध्या तासात शेजारच्या टोळक्याची खोरी मंदावली आणि एकाने विचारलंच, 'मग आम्ही काय वेडे आहोत?' त्याचं बरोबर होतं. आता आम्ही भराई शनिवारीच जमेल तेवढी पुढे नेतो आणि रविवारी दुपारी माणसं घटली की उंचीची शेवटची ओळ सोडून देतो. मजूर आणावेच लागले, तर आधी सगळ्यांना थांबवून सांगतो, की यापुढचं वाहण्याचं काम मजुरीवर आहे, श्रमदानवाल्यांनी आता शिवणीला बसावं किंवा घरी जावं.

आलेल्यांतला कुणी मधेच येऊन हळूच म्हणाला, 'दादा, मला आज रोज लागेल, घरी अडचण आहे,' तर सगळ्यांसमोर नियम वाचून दाखवू नका. दुसऱ्या दिवसाच्या मजुरीच्या कामात त्याला घेता येतं का बघा. नाहीतर त्याला लगेच मोकळं करा, कापणीवर अर्धा दिवस तरी मिळेल.

सोमवारी निरोपाच्याच ठिकाणी हिशोब टाका: किती जमले, कशावर किती गेले, किती उरले. मजुरीवाल्यांची नावं लिहायची गरज नाही, कामं आणि रक्कम पुरे. श्रमदानवाल्यांची नावं मात्र लिहा, अर्धा दिवस आलेल्यांचीही, आणि भाकऱ्या भाजणाऱ्या दोघींनी काम किती वाजता सुरू केलं होतं तेही. उरलेले पैसे मे महिन्यासाठी ठेवा. पावसाआधी त्या गोण्या काढाव्या लागतात, नाहीतर उन्हाने जीर्ण झालेलं प्लास्टिक पहिल्या लोंढ्याबरोबर खाली खाडीपर्यंत जातं. तो आणखी एक शनिवार असतो आणि तेव्हा मुंबईकर आंब्यांत गुंतलेले असतात. त्यामुळे गोण्या काढण्याचं काम आम्ही यंदापासून सरळ मजुरीवर धरलं आहे.